पुढच्या तासात पाऊस येईल का? गोव्याच्या रडारची चित्रं वाचून अंदाज बांधायची रीत, आणि ती कुठे चुकते

जुलै महिना आला की कुळागरवाल्यांचे मला फोन येतात. सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी करायची असते, पहिलीनंतर साधारण 40 ते 45 दिवसांनी, म्हणजे नेमकी भर पावसात. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावं लागतं आणि घोसावर सुकायला उघडीप लागते. फवारणीवाला पोफळीवर चढलेला असताना सर आली तर औषध तर धुऊन जातंच, शिवाय ओल्या खोडावरून माणूस खाली उतरवायचा असतो.

फोनवर प्रश्न एकच असतो : "भाई, रडारवर तर काहीच नव्हतं, मग पाऊस आला कुठून?" किंवा याच्या उलट : "लाल दिसलं म्हणून काम थांबवलं आणि एक थेंब पडला नाही." मी विचारतो, किती चित्रं पाहिली? उत्तर बहुधा येतं, एक. पुढच्या तासाचा अंदाज एका चित्रावरून बांधताच येत नाही. त्याची एक रीत आहे, पायऱ्यांचा क्रम आहे, आणि क्रम मोडला की उत्तर चुकतं. ती रीत इथे लिहितो आहे. उदाहरणं माझ्या फोंडा तालुक्यातल्या कुळागरातली आहेत, पण चवथीचा बाजार, मासळी सुकवणं, लग्नाचा मांडव, कशालाही हीच रीत लागू आहे.

## सुरुवातीलाच : हा अंदाज नेमकं काय गृहीत धरतो

रडारने सोडलेली लहर पावसाच्या थेंबांवर आदळून परत येते. परत आलेल्या या लहरीला इको म्हणतात, आणि चित्रावर जे रंगीत ठिपके आणि पट्टे दिसतात ते हेच. तासाभराचा अंदाज, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, तो मुळात इतकाच असतो : हे इको गेल्या अर्ध्या तासात जसे सरकले, तसेच पुढचा तासभर सरकतील, आणि सरकताना आहेत तसेच राहतील.

संगणकही हेच करतो. जुन्या चित्रातला एक चौकोन घेतो, नव्या चित्रावर इकडेतिकडे सरकवून पाहतो आणि जिथे नक्षी सर्वांत चांगली जुळते तिथपर्यंत बाण काढतो. असे शेकडो बाण झाले की सगळा पाऊस त्या बाणांवरून पुढे ढकलतो. यात नवा ढग जन्माला येत नाही, जुना विरत नाही. म्हणून सुरुवातीची वीस-तीस मिनिटं अंदाज चांगला उतरतो, आणि पुढे जेवढा पाऊस वाटेत जन्मतो किंवा मरतो तेवढा तो चुकत जातो.

मी पाऊस दोन प्रकारांत मोजतो : आलेला पाऊस आणि झालेला पाऊस. जुलैत समुद्रावरून सरकत येतो तो आलेला. ऑक्टोबरच्या दुपारी घाटमाथ्यावर उभा राहतो तो झालेला. खालची सगळी रीत आलेल्या पावसाची आहे. झालेल्या पावसाला ती कुठे अपुरी पडते ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा 1 : योग्य चित्र आणि त्याची वेळ

भारतीय हवामान खात्याचं डॉप्लर रडार पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर आहे. त्याची चित्रं `mausam.imd.gov.in` वर रडारच्या पानावर गोवा निवडलं की मिळतात. नवीन चित्र साधारण दर 10 मिनिटांनी येतं.

तिथे अनेक प्रकारची चित्रं असतात. आपल्याला लागतं ते `MAX (Z)`. प्रत्येक जागेच्या वरच्या हवेतला सर्वांत जोरदार इको यात दाखवलेला असतो, आणि नकाशाच्या वर आणि बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांत ढगातला पाऊस किती उंचीपर्यंत पोचला आहे ते दिसतं. बहुतेक लोक या पट्ट्यांकडे पाहतच नाहीत, आणि पुढे त्याच कामाला येणार आहेत.

आता वेळ. चित्रावर `UTC` लिहिलेलं असेल तर त्यात 5 तास 30 मिनिटं मिळवायची. 03:32 म्हणजे आपले सकाळचे 9:02. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने पूर्ण एक पावसाळा ही बेरीज न करता काढला. त्याला वाटायचं चित्र सहा तास जुनं आहे, म्हणून तो ते बघायचंच सोडून द्यायचा.

तपासा : तारीख आजचीच आहे ना? रडार दुरुस्तीला बंद असलं तर जुनं चित्र पानावर तसंच राहू शकतं. रंगीत पट्टे पाहून घाबरण्याआधी तारीख वाचा.

सावध : मोबाईलवरच्या ॲपमध्ये 'रडार' नावाने गुळगुळीत सरकणारं चित्र दिसतं, ते प्रत्यक्ष रडारचं असेलच असं नाही. पुष्कळदा ते उपग्रहावरून किंवा संगणकाच्या प्रारूपावरून रंगवलेलं असतं. ज्या चित्रावर रडारचं ठिकाण आणि निरीक्षणाची वेळ छापलेली नाही त्यावर पुढचं गणित करू नका.

## टप्पा 2 : आपली जागा पक्की करा

रडारच्या चित्रावर गावांची नावं मोजकीच असतात. मधोमध पणजी असते आणि भोवती अंतराची वर्तुळं. आपलं गाव पणजीपासून कोणत्या दिशेला किती किलोमीटर, सरळ रेषेत, ते एकदाच मोजून ठेवा. रस्त्याचं अंतर इथे उपयोगाचं नाही. म्हापसा उत्तरेला साधारण 12, मडगाव दक्षिणेकडे 28च्या आसपास, वाळपई पूर्वेला 30च्या थोडं पुढे, काणकोणचं चावडी जवळपास 60. माझं कुळागर पूर्वेला 20. मी मोबाईलच्या काचेवर बोट कुठे ठेवायचं ते पाठ करून टाकलं आहे.

हे अंतर आणखी एका कारणासाठी लागतं. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते, त्यामुळे झोत लांब जाईल तसा जमिनीपासून उंच होतो. अर्धा अंश कलाने सोडलेला झोत 50 किमीवर साधारण 600 मीटर उंच असतो, 100 किमीवर दीड किलोमीटर, 150 किमीवर अडीच किलोमीटरहून अधिक आणि 200 किमीवर चार किलोमीटरच्या वर. भर पावसाळ्यातले आपले ढग पुष्कळदा बुटके असतात. लांब समुद्रावरचे असे ढग झोताच्या खालून निसटतात. म्हणून चित्रात 150 किमीपलीकडे समुद्र मोकळा दिसला तर तो मोकळाच आहे असं समजू नका.

उलट रडारच्या अगदी डोक्यावर त्याला वर बघता येत नाही. पणजी, ताळगाव, पर्वरीवर ढग आला की चित्रात तो बुटका झाल्यासारखा किंवा मधेच पोकळ झाल्यासारखा दिसतो. माझ्याकडे येणारा पाऊस नेमका याच पोकळीतून जातो. पाऊस पणजीवर 'विरला' असं वाटून मी दोनदा फसलो, दोन्ही वेळा तो दहा मिनिटांत खोर्जुव्याच्या बाजूने पुन्हा उगवला. पणजीच्या दहा किलोमीटरच्या आत इको बारीक झाला तर त्याचा अर्थ काढू नका, पुढच्या चित्राची वाट पाहा.

## टप्पा 3 : दिशा आणि वेग

किमान चार चित्रं हवीत, म्हणजे मागचा अर्धा तास. पानावर सरकतं चित्र मिळालं तर उत्तम, नाहीतर स्क्रीनशॉट काढून ओळीने पाहा.

एक मोठा, ओळखता येईल असा पट्टा निवडा. त्याच्या कडेवर नव्हे, मधल्या गडद भागावर बोट ठेवा. कड फसवते, कारण पुढच्या बाजूला नवे थेंब तयार होत असतात आणि मागचे संपत असतात. पाऊस जागेवरच वाढत असला तरी कड पुढे सरकल्यासारखी दिसते.

आता इथे सर्वांत जास्त होणारी चूक. समुद्रावर सारख्या आकाराचे लहान लहान ठिपके रांगेने येत असतील, तर एका चित्रातला ठिपका दुसऱ्या चित्रातल्या शेजाऱ्याशी जोडला जातो. 40 किमी वेगाचा ठिपका दहा मिनिटांत सुमारे पावणेसात किलोमीटर जातो. ठिपक्यांमधलं अंतरही सात किलोमीटरच असलं, तर दुसऱ्या चित्रात पहिल्याच्या जागी मागचा येऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं, पाऊस हललाच नाही. म्हणून एकेका ठिपक्यावर भरवसा न ठेवता पूर्ण रांगेचा आकार, तिचा वाकडेपणा, तिच्यातली मोठी खिंड ओळखून ती कुठे गेली ते पाहायचं.

सावध : अंगणातल्या वाऱ्यावरून दिशा ठरवू नका. पावसाला ढकलतो तो वर एक ते तीन किलोमीटरवरचा वारा. जमिनीवरचा वारा डोंगर, झाडं आणि खारं वारं यांनी वळलेला असतो.

माझ्या वहीतलं एक उदाहरण घेऊ. जुलैतली सकाळ होती, मोरचूद भिजत घातलेलं होतं. पश्चिमेला समुद्रावर उत्तर-दक्षिण एक पट्टा होता. त्याच्या गाभ्याचं माझ्या कुळागरापासूनचं अंतर असं होतं : 8:32 ला 62 किमी, 8:42 ला 55, 8:52 ला 49, 9:02 ला 42. अर्ध्या तासात 20 किमी, म्हणजे ताशी 40. दर दहा मिनिटांचे टप्पे 7, 6, 7 असे जवळपास सारखे आले, ही चांगली खूण. ते 3, 11, 6 असे आले असते तर मी चुकीचा ठिपका धरतोय हे समजून पुन्हा मोजलं असतं.

## टप्पा 4 : वेळ काढा, आणि शिळेपण वजा करा

गणित सोपं आहे :

```
मिनिटं = अंतर (किमी) ÷ वेग (किमी/तास) × 60
```

गाभा 42 किमीवर, वेग 40. म्हणजे 63 मिनिटं. पण ही 63 मिनिटं 9:02 पासून मोजायची, तुम्ही चित्र उघडलंत तिथपासून नव्हे. मी चित्र पाहिलं तेव्हा घड्याळात 9:11 झाले होते. तोवर पट्टा सहा किलोमीटर आणखी आत आला होता. ही नऊ-दहा मिनिटं लोक विसरतात आणि मग "पाऊस लवकर आला" म्हणतात.

गाभा 10:05 ला. पण मला गाभ्याशी कर्तव्य नव्हतं, पहिल्या थेंबाशी होतं. पट्ट्याची पुढची कड गाभ्याच्या 7 किमी पुढे होती, म्हणजे साडेदहा मिनिटं आधी, 9:54 च्या सुमारास. मागची कड 8 किमी मागे, म्हणून 10:17 ला उघडीप.

यानंतर एक पायरी बहुतेक जण करत नाहीत : वेग थोडा चुकला तर काय? ताशी 36 धरला तर पहिला थेंब 10:00 ला, 45 धरला तर 9:49 ला. म्हणजे माझं खरं उत्तर "9:54" नव्हतं, "पावणेदहाच्या थोडं पुढे ते दहा" असं होतं. दिशेचंही तसंच. बाण दहा अंशांनी चुकला तर 42 किमी जाईपर्यंत पट्टा बाजूला सात किलोमीटरहून जास्त सरकतो. माझ्यापुढचा पट्टा उत्तर-दक्षिण पन्नास किलोमीटर लांब होता, त्यामुळे सात किलोमीटरने काही बिघडणार नव्हतं. तोच आठ किलोमीटर रुंदीचा एकटा ठिपका असता तर मी "येईल" म्हटलंच नसतं, "येऊ शकेल" म्हटलं असतं.

फवारणीवाला अंगणात उभा होता. "भाई, चढू का?" हातात चाळीस मिनिटं होती, त्यात दोन-तीन पोफळी झाल्या असत्या आणि औषध सुकायला वेळ उरला नसता. मी नको म्हटलं. मिश्रणात चुना घालायचाही थांबवला, कारण मोरचुदाचं पाणी आणि चुन्याचं पाणी वेगळं असेपर्यंत बिघडत नाही.

पाऊस 9:51 ला आला. मात्र 10:17 ला थांबायचा तो थांबला साडेदहाला. याचं कारण पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा 5 : किती पडेल, आणि वाटेत वाढेल का

रंगांच्या बाजूला dBZ चे, म्हणजे इको किती जोरदार आहे त्याचे, आकडे असतात. ठोकळमानाने 20 म्हणजे ताशी अर्धा मिलिमीटर, भुरभुर. 30 म्हणजे ताशी अडीच-तीन मिलिमीटर. 40 म्हणजे ताशी 11-12, म्हणजे छत्रीतही पाय भिजणार. 50 म्हणजे ताशी पन्नासच्या जवळ. दर दहा आकड्यांना पाऊस चौपटीहून अधिक वाढतो, म्हणून रंगाच्या एका पायरीला हलकं समजू नका.

आता हे आकडे गोव्याच्या पावसाळ्यात कमी का दाखवतात ते नीट समजून घ्या. रडारला थेंबाच्या व्यासाचा सहावा घात दिसतो. 4 मिमीचा एक थेंब 1 मिमीच्या थेंबापेक्षा 4096 पट जोराने चमकतो. पण पाणी? 4 मिमीच्या थेंबात 1 मिमीचे फक्त 64 थेंब मावतात. म्हणजे तेवढंच पाणी बारीक थेंबांत वाटलं गेलं तर रडारला ते 64 पट मंद दिसतं. वळिवाच्या पावसाचे थेंब टपोरे, तर जुलैतल्या झडीत बारीक थेंबांची दाटी. त्यामुळे झडीत पिवळा रंगही नाही आणि पन्हळ मात्र भरून वाहते आहे, असं होतं. मी पावसाळ्यात रंग एक पायरी वरचा धरतो.

दुसरं कारण सह्याद्री. समुद्रावरचा ओला वारा डोंगरापाशी वर चढतो आणि तिथल्या बुटक्या ढगांतून, जमिनीच्या अगदी जवळ, पाऊस वाढतो. वाळपई, सांगे इथे किनाऱ्यापेक्षा पाऊस जास्त पडतो तो याचमुळे. सरळ रेषेचा अंदाज मात्र पट्ट्याला पणजीवर होता तसाच डोंगरापर्यंत नेतो. माझ्याकडे साडेदहापर्यंत पाऊस रेंगाळला तो या वाढीमुळे. तेव्हापासून फोंडा, साखळी, डिचोली आणि त्यापुढच्या पूर्वेकडच्या गावांसाठी मी पावसाच्या शेवटाला दहा-पंधरा मिनिटं जोडतो. सुरुवातीत बदल करत नाही.

तपासा, तीन गोष्टी :

1. चार चित्रांत गडद भाग पसरतोय की आकसतोय? आकसत असेल तर तासाभराने पोचणारा पट्टा वाटेत विरेल. "लाल दिसलं आणि थेंब पडला नाही" याचं निम्म्याहून अधिक उत्तर इथेच मिळतं.

2. बाजूच्या पट्टीत उंची किती? पाच-सहा किलोमीटरपर्यंतचा इको म्हणजे पावसाळी ढग. बारा किलोमीटरच्या वर गेला तर विजांचा ढग, त्याला पुढची रीत लागू.

3. माझ्या बाणाच्या मागे काय आहे? पट्टा निघून गेला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. मागे त्याच रेषेवर आणखी ठिपके उभे असतील तर ते एकामागून एक त्याच गावावरून जातील. एकेक सर वीस मिनिटांची, पण गाव तीन तास भिजतं. भर पावसात रस्ते तुंबतात ते बहुतेक अशाच रांगेमुळे.

त्या सकाळी मागे पन्नास किलोमीटर मोकळं होतं. ताशी 40 ने तासाहून जास्त उघडीप. खोडं निथळेपर्यंत थांबून सव्वाअकराला पुन्हा चार चित्रं पाहिली, मग चुना मिसळला.

## टप्पा 6 : रीत कुठे मोडते

ऑक्टोबरचं एक उदाहरण पाहा, म्हणजे झालेला पाऊस म्हणजे काय ते कळेल. दुपारी सव्वाला चित्र स्वच्छ, एकही ठिपका नाही. 2:10 ला सत्तरीच्या डोंगरावर एक लहान गोळा उगवला, माझ्यापासून 24 किमी पूर्वेला. पुढच्या तीन चित्रांत तो पश्चिमेला सरकला, ताशी 15 ने. गणित केलं : 24 भागिले 15, म्हणजे 96 मिनिटं, पावणेचारच्या सुमारास. सुपारी वाळत घातली होती. तासभर तरी आहे म्हणून मी जेवायला बसलो.

3:05 ला पाऊस आला, गडगडाटासह.

तो पहिला गोळा माझ्यापर्यंत आलाच नाही, तो डोंगरावरच संपला. पण त्याच्या पावसाने थंड झालेली हवा खाली उतरून चारी बाजूंना पसरली. तिचा पश्चिमेकडचा पदर समुद्राकडून आत आलेल्या खाऱ्या वाऱ्याला भिडला, दोघांमधली गरम हवा वर उचलली गेली आणि 2:50 ला माझ्यापासून सहा किलोमीटरवर नवाच ढग उभा राहिला. पहिल्या ढगाचा वेग मी बरोबर मोजला होता. चूक ही झाली की पाऊस सरकत नव्हता, उडी मारत होता. बाण काढणारी कुठलीही पद्धत, हाताची असो की संगणकाची, ही उडी पाहू शकत नाही, कारण 2:40 च्या चित्रात तो ढग नव्हताच.

असा एकटा ढग जन्मापासून मरेपर्यंत अर्धा तास ते तासभर जगतो. मग त्याला तासभर पुढे ढकलणं म्हणजे मेलेल्या ढगाचा पाऊस मोजणं. म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये, जेव्हा बाजूच्या पट्टीत उंच ढग दिसतात, तेव्हा मी बाणाचं गणित वीस मिनिटांपलीकडे नेत नाही. पुढच्या चाळीस मिनिटांसाठी वेगळ्या खुणा पाहतो :

- दुपारी बाराच्या सुमारास उपग्रहाच्या दृश्य चित्रात घाटमाथ्यावर पांढरे पुंजके दिसू लागले का? रडारला थेंब दिसतात, ढग नाही. ढग आधी उपग्रहाला दिसतो.
- पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या `दामिनी` ॲपवर आसपास वीज पडल्याची नोंद आली का? आली असेल तर पन्नास किलोमीटरच्या आत कुठेही नवा ढग उठू शकतो असं धरायचं.
- वारा अचानक उलटून थंड झाला का? त्या दिवशी तीनच्या जरा आधी पोफळीची झावळं पश्चिमेकडे वळली, आणि अंगणात एकदम गारवा आला. दुपारभर वारा समुद्राकडून होता. त्या खुणेनंतर माझ्या हातात दहा मिनिटं होती. मला खूण माहीत नव्हती, म्हणून ती जेवण्यात गेली.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा नाऊकास्ट तीन तासांसाठी असतो, त्यात पिवळा, नारिंगी, लाल असे रंग येतात. झालेल्या पावसाच्या दिवसांत तो आधी वाचा. तुमच्या गावी किती वाजता ते त्यातून कळणार नाही, पण आज उड्या मारणाऱ्या ढगांचा दिवस आहे का, ते कळतं.

सावध : गडगडाट ऐकू आला की गणित बंद. माणूस झाडावरून खाली, आणि झाडाखालीही नाही, पक्क्या घरात.

## टप्पा 7 : जो पाऊसच नाही तो ओळखा

काही इको पावसाचे नसतात. निरभ्र रात्री किंवा पहाटे झोत हवेच्या थरांत खाली वाकतो आणि समुद्राच्या लाटांवरून किंवा डोंगरावरून परत येतो. समुद्रावर रांगोळीसारखी टिपक्यांची दाटी दिसते. ओळखायची खूण : बाकीचा पाऊस सरकतोय आणि हे टिपके जागच्या जागी चमकताहेत, रंग दर चित्राला बदलतोय, आणि बाजूच्या पट्टीत त्यांना उंचीच नाही. मधून सुटलेली सरळ किरणासारखी रेघ दिसली तर तीही पाऊस नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राच्या लहरी रडारमध्ये शिरल्या आहेत.

याच्या उलटही घडतं. मे महिन्यात वर पाऊस असतो, चित्रात हिरवा-पिवळा दिसतो, पण खालची हवा कोरडी असल्याने थेंब जमिनीपर्यंत येईतो सुकतात. `MAX (Z)` हवेतला सर्वांत जोरदार इको दाखवतं, जमिनीवरचा नव्हे. अशा वेळी `PPI (Z)` उघडून खालच्या झोताचं चित्र पाहा. `MAX (Z)` वर पाऊस आणि `PPI (Z)` वर जवळपास काही नाही, तर तो वरच्या वर आहे. हे फक्त जवळच्या पन्नास-साठ किलोमीटरसाठी, कारण त्यापुढे `PPI (Z)` चा झोतही उंचावर गेलेला असतो.

## टप्पा 8 : वही

प्रत्येक अंदाजाला एक ओळ : चित्राची वेळ, मोजलेला वेग, पहिल्या थेंबाची सांगितलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, आणि पाऊस आलेला की झालेला. दोन प्रकार एकाच सरासरीत मिसळू नका.

माझ्या वहीत जुलै-ऑगस्टच्या ओळी बहुतेक दहा मिनिटांच्या आतबाहेर आहेत. एक तिरकेपणा मात्र सारखा दिसतो : मी सांगितल्यापेक्षा पाऊस तीन-चार मिनिटं आधी येतो. कारण शोधलं तेव्हा कळलं की पुढची कड मी गडद रंगाच्या सुरुवातीपासून मोजत होतो, फिकट निळ्यापासून नाही. आता फिकट कडेपासून मोजतो. ऑक्टोबरच्या ओळींत अशी कुठलीच सारखी चूक नाही, एक वीस मिनिटं आधी, एक चाळीस मिनिटं उशिरा, तीन आलेच नाहीत. त्या पानावर मी वेळेचा रकाना काढून टाकला आहे. त्या जागी वारा कधी उलटला ते लिहितो.